वहीतली सरगम, पाच रेषांवर



सोलापूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांच्या दिवंगत सासूबाईंच्या वहीत पंधरा-वीस स्तवनांच्या चाली सरगममध्ये उतरवलेल्या आहेत. त्या चाली प्रत्यक्ष ऐकलेली माणसे आता घरात दोन-तीनच उरली आहेत. नात लेस्टरला व्हायोलिन शिकते. पाच रेषांवरचे स्टाफ नोटेशन ती झरझर वाचते, परंतु सरगमची अक्षरे आणि त्यांखालच्या रेघा तिला उलगडत नाहीत. म्हणून तेथील एका परिचितांकडून या भगिनींनी एक चाल स्टाफ नोटेशनमध्ये लिहून घेतली. नातीने ती वाजवून पाठवली, तर घरात कोणालाच ती चाल आपली वाटेना. "स्वर तर तेच आहेत म्हणतात, मग चाल कुठे हरवली?" असा त्यांचा प्रश्न आहे.

लिहून आलेल्या कागदाची प्रत त्यांनी सोबत जोडली, हे फार बरे केले. चाल दोन ठिकाणी हरवली आहे आणि ही दोन्ही ठिकाणे अशी आहेत, की सरगमकडून रेषांकडे जाणारा जवळजवळ प्रत्येक जण तेथे अडखळतो. घरची चाल येथे छापण्याऐवजी तिच्याच वळणाची एक साधी ओळ मी रचली आहे. शब्दही केवळ सरावापुरते आहेत. ताल केरवा, आठ मात्रांचा. सम पहिल्या मात्रेवर, खाली पाचवीवर. ओळ मात्र सातव्या मात्रेपासून उठते.

ग म | प नि॒ ध नि॒ध | प – म ग | रे म ग रेऩि | सा –
त व | च र णी ऽ | मा ऽ झे ऽ | म न रा ऽ | हो ऽ

उभ्या रेघांमधील प्रत्येक भाग चार मात्रांचा आहे. "चरणी"च्या "च"वर सम, "माझे"च्या "मा"वर खाली, "मन"च्या "म"वर पुन्हा सम आणि "हो"वर पुन्हा खाली येते. स्वराखाली आडवी रेघ असेल तर तो कोमल, स्वराखाली बिंदू असेल तर तो मंद्र सप्तकातला. नि॒ध आणि रेऩि या जोड्या एकेका मात्रेत बसवायच्या आहेत. वहीत अशा जोडीखाली एक कमान काढलेली असते.

ही खूणपद्धती पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची. वही उघडल्यावर पहिले काम म्हणजे ती याच पद्धतीतली आहे ना, हे पाहणे. आपल्याकडे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची पद्धतीही प्रचलित होती आणि तिच्यातील खुणांचे अर्थ वेगळे आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचा तोच बिंदू म्हणजे मंद्र सप्तक. एकीचा अर्थ दुसरीला लावला, तर चाल दोन सप्तके उडी मारते. ओळखण्याचा सोपा मार्ग तालाच्या खुणांत आहे. समेवर गुणाकाराची फुली आणि खालीवर शून्य असेल, तर वही भातखंडे पद्धतीची. समेवर १ आणि खालीवर अधिकचे चिन्ह असेल, तर ती पलुस्कर पद्धतीची. पत्रासोबतच्या पानावर फुली आणि शून्य स्पष्ट दिसतात, तेव्हा येथे तो प्रश्न उरत नाही.

आता मूळ अडचणीकडे येऊ. सरगममधील "सा" ही एखाद्या पट्टीची ठरलेली जागा नव्हे. सासूबाई काळी चारमध्ये गात असोत की पांढरी पाचमध्ये, वहीत "सा" हा "सा"च राहतो. पाच रेषांवर मात्र प्रत्येक रेघ आणि प्रत्येक मोकळी जागा ठरावीक पट्टीची असते. तेथे "गाणाऱ्याच्या सोयीने" असे काही लिहिताच येत नाही. म्हणून रेषांवर पहिला स्वर मांडण्यापूर्वी सा कोठे धरायचा, हे ठरवावे लागते. वही हे सांगत नाही. ते आपणच ठरवायचे.

व्हायोलिनवर वाजवायचे असेल, तर मी पांढरी दोन सुचवीन. तिचे पाश्चात्त्य नाव डी. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारांपैकी एक डीची आणि तिच्या शेजारची एची असते. सा डीवर धरला की प एवर येतो. म्हणजे सा आणि प या दोन्ही आधारस्वरांना मोकळ्या तारा मिळतात आणि मुलीचा सूर सुटला, तर तिला तो लगेच पडताळता येतो. सासूबाईंची पट्टी याहून निराळी असणार, पण त्याने चाल बदलत नाही. कागदाच्या माथ्यावर "सा म्हणजे डी" एवढे लिहून ठेवावे.

सा डीवर धरला की बाकीच्या स्वरांच्या जागा ओघाने ठरतात. ट्रेबल क्लेफच्या पाच रेघांपैकी सर्वांत खालच्या रेघेच्या लगत खाली सा बसतो. त्या रेघेवर रे, तिच्यावरच्या मोकळ्या जागेत ग, दुसऱ्या रेघेवर म, नंतरच्या जागेत प, मधल्या रेघेवर ध आणि तिच्यावरच्या जागेत नि. रेघ, जागा, रेघ, जागा असा हा जिना आहे. मंद्र नि साच्याही खाली जातो. त्याच्यासाठी रेघांच्या खाली एक छोटी जादा रेघ ओढतात आणि तो तिच्यावर बसतो.

परंतु या जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, आणि ते रेघांकडे पाहून कळत नाही. पेटी समोर ठेवून पाहा. शुद्ध स्वरांमध्ये ग-म आणि नि-सा या दोन जोड्यांत अंतर अर्धेच असते, बाकी सर्वत्र पूर्ण. पेटीवर केवळ पांढऱ्या पट्ट्यांनी गेलो, तर हे अर्धे अंतर पांढरी तीन-चार आणि पांढरी सात-आठ यांच्यामध्येच मिळते. सा पांढरी एकवर असताना सारे बिनबोभाट जुळते. सा पांढरी दोनवर नेला, की ग पांढरी चारवर पडू पाहतो आणि कानाला तो कोमल लागतो. शुद्ध ग हवा असेल, तर लगतच्या काळी तीनवर जावे लागते. तीच गत नि ची: तो पांढऱ्या पट्टीवरून काळी एकच्या वरच्या सप्तकातल्या जोडीवर सरकतो. पाश्चात्त्य भाषेत हे दोन स्वर म्हणजे एफ शार्प आणि सी शार्प. ते दरवेळी वेगळे लिहावे लागू नयेत, म्हणून ओळीच्या आरंभी क्लेफशेजारी दोन शार्प एकदाच लिहून ठेवतात. यालाच की सिग्नेचर म्हणतात. त्यानंतर चिन्हावाचून आलेला एफ किंवा सी हा शार्पच समजायचा.

चाल पहिल्यांदा हरवली ती येथे. आपल्या ओळीत कोमल नि आहे. लिहून देणाऱ्या परिचितांनी "कोमल म्हणजे फ्लॅट" असा सरळ हिशेब लावून नि च्या जागी, म्हणजे सी या स्वरासमोर, फ्लॅटचे चिन्ह मांडले. हिशेब सरळ दिसतो, पण तो चुकीचा आहे. शुद्ध नि येथे सी शार्प आहे. कोमल म्हणजे त्याहून अर्ध्या अंतराने खाली, म्हणजे साधा सी. साधा सी लिहायचा तर त्याच्यासमोर नॅचरलचे चिन्ह लागते. फ्लॅट मांडला, की तो आणखी अर्धे अंतर खाली उतरून सी फ्लॅट होतो. व्हायोलिनवर त्याची जागा जवळजवळ बीचीच, आणि पेटीवर तर तीच पट्टी. बी म्हणजे आपला ध. त्यामुळे नातीने "प नि॒ ध नि॒ध" च्या जागी "प ध ध धध" वाजवले. जेथे चाल वर जाऊन हलके वळण घेते, तेथे ती एकाच सुरावर बसून राहिली. पोर अगदी कागदाबरहुकूम वाजवत होती.

शार्प, फ्लॅट आणि नॅचरल ही चिन्हे पट्टीची नावे सांगतात, तर शुद्ध, कोमल आणि तीव्र ही विशेषणे साशी असलेले नाते सांगतात. साची जागा बदलली, की त्याच कोमल नि चे चिन्हही बदलते. सा पांढरी एकवर, म्हणजे सीवर असता, तर हाच कोमल नि बी फ्लॅट झाला असता आणि तेथे फ्लॅटचेच चिन्ह बरोबर ठरले असते. परिचितांनी बहुधा याच पट्टीची सवय डीवर चालवली. म्हणून कोमल स्वर मांडताना चिन्ह पाठ करून उपयोग नाही. आधी त्याचा शुद्ध स्वर कोणत्या पट्टीवर आहे ते पाहायचे, मग लगतच्या खालच्या पट्टीवर यायचे आणि त्या पट्टीचे नाव लिहायचे.

याला जोडूनच आणखी एक बारकावा आहे. सरगममध्ये प्रत्येक कोमल स्वराखाली स्वतंत्र रेघ असते. स्टाफ नोटेशनमध्ये बारच्या मध्ये आलेले चिन्ह त्याच बारच्या शेवटापर्यंत, त्याच सप्तकातल्या त्या स्वराला लागू राहते आणि पुढच्या उभ्या रेघेपाशी आपोआप रद्द होते. आपल्या ओळीतील पहिल्या पूर्ण बारमध्ये कोमल नि दोनदा येतो. नॅचरल फक्त पहिल्या वेळी लिहायचे. दुसरा सी चिन्हावाचून दिसला तरी तो कोमलच. उलट तिसऱ्या बारमधील मंद्र नि शुद्ध आहे आणि त्याच्यासमोर काहीच लिहावे लागत नाही, कारण आरंभीचा शार्प त्याला लागू आहेच. शिकाऊ वाचक गोंधळेल असे वाटले, तर तेथे एक शार्प आठवणीदाखल पुन्हा लिहिण्याची प्रथा आहे. या ओळीत मी तो लिहीन.

आता काल. एका मात्रेला एक क्रॉचेट धरू. चार क्रॉचेटचा एक बार, म्हणजे टाइम सिग्नेचरमध्ये चारावर चार. केरव्याचे एक आवर्तन मग दोन बारांत बसते. मात्रेला क्वेव्हर धरून सबंध आवर्तन एकाच बारमध्येही लिहिता येते, आणि तेही चूक नाही. परंतु मग नि॒ध सारख्या जोड्या आणखी बारीक होऊन पान दाट दिसते. प नंतरची आडवी रेघ म्हणजे त्याच सुरावर आणखी एक मात्रा थांबणे. दोन मात्रांचा तो प एक मिनिम होतो. नि॒ध ही एका मात्रेतील जोडी म्हणजे माथ्याशी आडव्या दांडीने जोडलेले दोन क्वेव्हर.

चाल दुसऱ्यांदा हरवली ती उभ्या रेघांपाशी. त्या कागदावर पहिला बार "तव" पासूनच सुरू केला आहे: ग म प नि॒ असे चार स्वर एका बारमध्ये, पुढचे चार दुसऱ्यात. मात्रा मोजल्या तर बेरीज अचूक येते. पण पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेले मूल बारच्या पहिल्या स्वराला स्वाभाविकपणे वजन देते. त्यामुळे वजन "तव"च्या त वर पडले. "चरणी"चा च, जेथे सम आहे आणि जेथे तबल्याची थाप येऊन मिळते, तो बारच्या पोटात दबून गेला. भजन उठते कोठे आणि टेकते कोठे, हे कानाला सर्वांत आधी कळते. ते उलटे झाल्यावर स्वर बरोबर असते तरी घरच्यांना चाल परकीच वाटली असती.

यावर पाश्चात्त्य लेखनात सोय आहे. ओळीच्या आरंभी अपुरा बार लिहितात, त्याला पिकअप म्हणतात. ग आणि म हे दोन क्रॉचेट या अपुऱ्या बारमध्ये मांडून लगेच उभी रेघ ओढायची. त्यानंतरचा पहिला पूर्ण बार प पासून, म्हणजे समेपासून, सुरू होतो. शेवटचा बार सा च्या एका मिनिमचा, दोनच मात्रांचा राहतो. आरंभीच्या दोन मात्रा त्याला मिळाल्या की चार पुऱ्या होतात आणि ओळ पुन्हा म्हणताना तुटत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या पूर्ण बारच्या डोक्यावर मी आपली फुलीही काढतो. पाश्चात्त्य शिक्षकाला ती अनोळखी वाटेल, पण मुलीला एकदा सांगितले की पुरते.

तर दुरुस्त कागद असा वाचला जाईल. अपुरा बार: एफ शार्प, जी. पहिला बार: ए, नॅचरल लावलेला सी, बी आणि सी-बी ही क्वेव्हरची जोडी. दुसरा: ए चा मिनिम, मग जी आणि एफ शार्प. तिसरा: ई, जी, एफ शार्प, आणि ई व खालचा सी शार्प यांची जोडी. शेवटी डी चा मिनिम. "णी" हे अक्षर ध आणि नि॒ध अशा तीन सुरांवर लांबते. वहीत त्यासाठी अवग्रह आहे, येथे त्या तीन सुरांवर एक कमान काढायची. ही कमान म्हणजे भातखंडे पद्धतीतील मींडेची कमान नव्हे. येथे ती एवढेच सांगते, की अक्षर एक आहे आणि गज न बदलता वाजवावे. खरी मींड असेल, तर तसे शब्दांत लिहिलेले बरे.

व्यापारी घरात वेगळे सांगायला नको, की नोंद पक्की करण्यापूर्वी ताळा पाहावा. येथे ताळा म्हणजे उलट रूपांतर. मूळ वही मिटून ठेवायची, स्टाफचा कागद घेऊन त्यावरून पुन्हा सरगम लिहायची आणि मगच वहीशी ताडून पाहायची. हे काम शक्यतो दुसऱ्याने करावे. लिहिणाऱ्याला आपल्या मनातली चाल ऐकू येत असते, कागदावरची नव्हे.

उलट वाटेवर सा शोधणे हीच कसोटी असते. कोमल नि असलेल्या चालीत काही जण दोन शार्पऐवजी आरंभी एकच, एफचा, शार्प लिहितात. मग सी आपोआप साधा राहतो आणि शुद्ध नि आला तरच चिन्ह लागते. लेखनाची ही रीत ग्राह्य आहे. पण एक शार्प पाहताच पाश्चात्त्य वाचक जी हा मूळ स्वर मानतो. त्याचे ऐकून आपण जीला सा म्हटले, तर हीच ओळ ऩि सा | रे म ग मग | रे – सा ऩि अशी लिहिली जाते, आणि शेवटी चाल मंद्र प वर येऊन थांबते. पेटीवर वाजवली तर पट्ट्या त्याच, म्हणून चूक कानाला कळत नाही. तानपुरा जीवर लावला की कळते. कागदावरही दोन खुणा दिसतात. ओळ सा वर न टेकता प वर टेकते, आणि तिसऱ्या बारमधला सी शार्प कारण नसताना मंद्रातला तीव्र म होऊन बसतो. साध्या भजनात असा एकटा तीव्र म एका कोपऱ्यात दिसला, की सा चुकला आहे का, हे आधी पाहावे. आरंभीच्या शार्पांपेक्षा ध्रुवपदाच्या शेवटच्या स्वरावर अधिक विश्वास ठेवावा. त्यालाही अपवाद आहेत. काही चाली ग वर किंवा प वर टेकतात. तेथे कोणत्या आधारस्वरावर ती ओळ गोड लागते, हे तानपुरा लावून गाऊनच ठरवावे लागते.

लयीविषयी दोन शब्द. वहीत बहुधा लय लिहिलेली नसते, आणि स्टाफच्या कागदावर लिहिलेला आकडा मूल घड्याळासारखा पाळते. आपली भजने मात्र संथ उठून हळूहळू चढतात. त्याशिवाय केरव्याच्या मात्रा प्रत्यक्ष गाताना अगदी समान पडत नाहीत, त्यांत एक डोल असतो. सारखे क्वेव्हर तो दाखवू शकत नाहीत. ग वरून रे कडे उतरताना सासूबाई जो सूर पुसटसा ओढत असतील, तोही कोठल्याच लेखनात पुरता येणार नाही.

म्हणून पत्रलेखिका भगिनींना माझी विनंती अशी. चाली ऐकलेली जी दोन-तीन माणसे घरात आहेत, त्यांच्याकडून प्रत्येक स्तवनाची पहिली ओळ फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यावी, टाळी देत, म्हणजे सम ऐकू येईल. आवाज थकलेला असला तरी चालेल. मुद्रणाच्या आरंभी पेटीवर सा दाबून ठेवावा आणि पट्टीचे नाव तोंडाने सांगावे. कागद आणि हे मुद्रण अशी दोन्ही नातीकडे एकत्र पाठवावीत. वहीतल्या पानांपैकी ज्या चालींत एकही कोमल स्वर नाही आणि ज्या समेपासूनच उठतात, त्या आधी उतरवाव्यात. प्रत पाहता अशा चार तरी निघतील. रूपकातले एक स्तवनही तेथे आहे. त्यात समेवरच खाली येते, त्यामुळे बारच्या पहिल्या स्वराचे वजन हा प्रश्न तेथे निराळ्याच रीतीने उभा राहतो. ते पान पुढील अंकासाठी माझ्याकडे ठेवून घेतले आहे.